द्राक्षाचा पॅन-जीनोम आणि रेफरन्स बायस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निफाड आणि दिंडोरीचे बागायतदार, नाशिकच्या महाविद्यालयांतील जैवतंत्रज्ञानाचे विद्यार्थी आणि रोपवाटिका चालवणारे काही जण यांच्याकडून गेल्या काही वर्षांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते येथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न द्राक्षाचे असल्यामुळे उदाहरणेही द्राक्षाचीच घेतली आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल, तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. संदर्भ जीनोम म्हणजे काय, आणि द्राक्षाचा संदर्भ जीनोम नेमका कोणत्या वेलीचा आहे?

एखाद्या प्रजातीतील एका जीवाचा डीएनए पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून, गुणसूत्रांप्रमाणे लावून ठेवलेली प्रत म्हणजे संदर्भ जीनोम. नंतर कोणतीही नवी वेल तपासताना तिच्या डीएनएचे लाखो छोटे तुकडे या प्रतीशी जुळवून पाहिले जातात आणि जेथे फरक दिसतो, तेथे नोंद केली जाते. द्राक्षाची अशी प्रत २००७ मध्ये फ्रेंच आणि इटालियन शास्त्रज्ञांच्या गटाने प्रसिद्ध केली. तिचे नाव PN40024 असून तिच्यात १९ गुणसूत्रे आणि सुमारे ५० कोटी अक्षरे आहेत.

ही वेल कोणत्याही शेतात लावली जाणारी जात नाही. द्राक्षाच्या वेलीत आईकडून आणि बापाकडून आलेल्या दोन प्रती एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या असतात, आणि त्या वेळच्या यंत्रांना ही गुंतागुंत पेलत नव्हती. म्हणून अनेक पिढ्या स्वपरागीभवन करून दोन्ही प्रती जवळजवळ सारख्या झालेली वेल मुद्दाम निवडण्यात आली. ती पिनो न्वार या जातीपासून निघाली, असे पंधरा वर्षांहून अधिक काळ सर्वजण धरून चालले होते. २०२३ मध्ये सुधारित प्रत तयार झाली, तेव्हा ती हेल्फेनस्टाइनर या जातीच्या वंशातली असल्याचे स्पष्ट झाले. हेल्फेनस्टाइनर हा पिनो न्वार आणि स्कियावा ग्रोसा यांचा संकर आहे. म्हणजे ज्या प्रतीला आपण जगातल्या सगळ्या द्राक्षांची मोजपट्टी मानतो, ती युरोपातल्या एका संकराच्या वंशातली एक वेल आहे, आणि तिच्यातली निम्मी विविधता स्वपरागीभवनात आधीच गाळली गेली आहे.

२. रेफरन्स बायस म्हणजे काय? संगणक पक्षपात कसा करेल?

संगणक मनाने पक्षपात करत नाही. गुण देण्याच्या नियमातच तो दडलेला असतो. नेहमीच्या यंत्रातून १५० अक्षरांचे तुकडे मिळतात आणि त्यांना सगळे रीड म्हणतात. हे रीड संदर्भावर बसवणारा `bwa mem` हा प्रोग्रॅम मूळ सेटिंगमध्ये जुळणाऱ्या प्रत्येक अक्षराला १ गुण देतो, न जुळणाऱ्या अक्षराला ४ गुण कापतो, आणि मध्ये फट पाडावी लागली तर ६ गुण व शिवाय फटीतल्या प्रत्येक अक्षरामागे १ गुण कापतो.

आता हिशेब करून पाहू. आपल्या वेलीत संदर्भापेक्षा २० अक्षरे जास्त आहेत आणि ती रीडच्या बरोबर मध्यावर आली आहेत, असे समजा. १३० अक्षरे जुळली, फटीचे २६ गुण गेले, उरले १०४. रीडचा अर्धा भाग सोडून फक्त एक बाजू बसवली असती, तर ६५ च गुण मिळाले असते; म्हणून प्रोग्रॅम फट पाडतो आणि २० अक्षरांची भर आपल्याला दिसते. हीच भर ६० अक्षरांची असेल तर ९० अक्षरे जुळतात, फटीचे ६६ गुण जातात आणि २४ उरतात. एकच बाजू बसवली तर ४५ मिळतात. प्रोग्रॅम साहजिकच एक बाजू बसवतो आणि उरलेला भाग कापून बाजूला ठेवतो. भर पन्नाशीच्या पुढे गेली की ती रीडच्या बरोबर मध्यावर असली तरी हरते. कडेजवळ असली तर त्याआधीच हरते.

ज्या रीडमध्ये संदर्भासारखाच मजकूर आहे, त्याला मात्र कसलीच अडचण येत नाही. त्यामुळे एका प्रतीत भर आणि दुसऱ्या प्रतीत नाही, अशा वेलीत दोन्हींचे निम्मे-निम्मे रीड दिसायला हवेत, पण संदर्भासारखे रीड पुरेपूर बसतात आणि वेगळे रीड गळतात. संदर्भाच्या बाजूला झुकलेला हा कल म्हणजे रेफरन्स बायस. तुकडे जास्त वाचून तो कमी होत नाही, कारण गळती दर वेळी त्याच बाजूची होते.

३. काही रीड जुळले नाहीत म्हणून एवढे काय बिघडते? बागेशी त्याचा काय संबंध?

डिसेंबर-जानेवारीत थंडी पडली की भुरीच्या फवारण्या सुरू होतात, हे नाशिकमध्ये कोणाला सांगायला नको. भुरीला दाद न देणारे एक ठिकाण जनुकशास्त्रात चांगले ओळखीचे आहे. त्याचे नाव Run1. ते आपल्या नेहमीच्या द्राक्षात, म्हणजे व्हिटिस विनिफेरात नाही. अमेरिकेतल्या मस्कॅडाइन द्राक्षात ते सापडते. फ्रान्समध्ये आलँ बुके यांनी मस्कॅडाइनशी संकर करून आणि पुन्हा पुन्हा विनिफेराशी जोडून ते आणले. ते १२ व्या गुणसूत्रावर बसते. तेथे रोगाचा सुगावा लावणारी TIR-NB-LRR घराण्यातली अनेक जनुके शेजारीशेजारी उभी आहेत. त्यांपैकी एक भुरीला आणि दुसरे केवड्याला प्रतिकार देते, हे २०१३ मध्ये सिद्ध झाले.

समजा, अशा संकरातून आलेले एक रोप तुमच्याकडे आहे, पानावर भुरी धरत नाही, आणि तुम्ही त्याचा डीएनए ३० पट खोलीने, म्हणजे प्रत्येक जागेवर सरासरी ३० रीड येतील असा, वाचून PN40024 वर बसवला. रोपात मस्कॅडाइनचा तुकडा एकाच प्रतीत आहे, म्हणून त्या जागचे सुमारे १५ रीड विनिफेराच्या प्रतीचे आणि १५ मस्कॅडाइनच्या प्रतीचे असायला हवेत. विनिफेराचे रीड नीट बसतात. मस्कॅडाइनच्या रीडचे मात्र दोन प्रकार होतात. जनुकाचा जो भाग विनिफेरातल्या चुलत जनुकापेक्षा बराच वेगळा आहे, म्हणजे दर पाच अक्षरांमागे एक वेगळे अक्षर आहे, तेथे १२० अक्षरांचे १२० गुण मिळतात आणि ३० चुकांचे १२० गुण जातात. उरते शून्य, आणि रीड बाहेर फेकला जातो. जो भाग घराण्यातल्या सर्वांत बहुतेक सारखा आहे, तेथे सात-आठ चुका असूनही ११० च्या आसपास गुण मिळतात, आणि रीड पूर्ण विश्वासाने चुलत जनुकावर जाऊन बसतो. त्याचे खरे घर संदर्भात नसल्यामुळे दुसरा दावेदारच नसतो, आणि रीडची जागा किती खात्रीची आहे हे सांगणारी मॅपिंग क्वालिटी ६० या कमाल आकड्यापर्यंतही जाऊ शकते.

पडद्यावर हे चित्र एकदा पाहिले की विसरत नाही. चुलत जनुकाच्या सारख्या भागावर रीडचा ढीग ३० च्या कितीतरी वर गेलेला असतो, कारण मस्कॅडाइनच्या कित्येक भावंडांचे रीड एकाच जागी येऊन दाटलेले असतात. शेजारच्या वेगळ्या भागात खोली एकदम १५ वर उतरते. आणि ढिगाच्या दोन्ही कडांना अर्धवट कापलेले रीड झालरीसारखे लोंबत असतात. त्या ढिगातून जी यादी निघते, तिच्यात अनेक फरक नोंदलेले असतात आणि त्यातले बरेच खोटे असतात. Run1 ची ओळ यादीत कुठेच नसते, कारण संदर्भात त्या नावाची जागाच नाही. रोप भुरीला दाद देत नाही, कागदावर मात्र त्याचे कारण दिसत नाही. शेकडो रोपांची तुलना केली तर शेजारच्या एखाद्या खुणेचा संबंध लागतो, पण खरे जनुक उमेदवारांच्या यादीत येत नाही, आणि संशोधक भलत्याच जनुकामागे वर्ष घालवतो.

४. मस्कॅडाइन तर परकीच आहे. खऱ्या विनिफेराच्या जातींना हा त्रास होतो का?

होतो, आणि तो आपल्या घडावर डोळ्यांनी दिसतो. मण्यांचा काळा रंग २ ऱ्या गुणसूत्रावरच्या MYBA1 आणि MYBA2 या शेजारच्या जनुकांवर अवलंबून असतो. पांढऱ्या जातींत MYBA1 च्या तोंडाशी Gret1 नावाचा, सुमारे १०,००० अक्षरांचा उडता घटक, म्हणजे जीनोममध्ये एकीकडून दुसरीकडे जाऊन बसणारा तुकडा, येऊन बसला आहे, त्यामुळे जनुक सुरूच होत नाही. MYBA2 दुसऱ्या छोट्या बदलांनी बिघडले आहे. दोन्ही प्रतींत असे झाले की मणी पांढरा. काळ्या जातीत एक प्रत शाबूत असली तरी पुरते, म्हणून अनेक काळ्या जाती पोटात पांढरी प्रत बाळगून असतात, आणि त्यांची रोपे बियांपासून केली की काही पांढरी निघतात.

प्रश्न २ मधला हिशेब येथे लावून पाहा. ६० अक्षरांची भर जेथे निसटते, तेथे १०,००० अक्षरांची भर छोट्या रीडने कशी दिसणार? शिवाय उडत्या घटकासारख्याच प्रती जीनोममध्ये इतरत्र विखुरलेल्या असतात, त्यामुळे त्याच्या आतले रीड कोणत्या प्रतीचे आहेत, तेही ठरत नाही. इटालिया या पांढऱ्या जातीतून रुबी ओकुयामा ही लालसर जात निघाली, तेव्हा Gret1 चा मुख्य भाग गळून त्याच्या टोकाचा एक तुकडा तेवढा मागे राहिला होता. एका अक्षराच्या बदलांची कितीही मोठी यादी केली, तरी हा फरक तिच्यात सापडला नसता.

भुरीच्या बाबतीतही विनिफेरात एक अपवाद आहे. मध्य आशियातल्या किशमिश वत्काना या जातीत १३ व्या गुणसूत्रावर Ren1 नावाची प्रतिकाराची जागा सापडली आहे. जात विनिफेराचीच, पण युरोपातल्या संदर्भावरून ती जागा ओळखता येत नाही.

५. जनुक एकाच प्रतीत असेल आणि दुसऱ्या प्रतीत मुळातच नसेल, तर निकालात काय दिसते?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि तो विचारायलाच हवा. शार्दोने या जातीच्या दोन्ही प्रती वेगवेगळ्या जोडल्या, तेव्हा सुमारे सातांपैकी एक जनुक एकाच प्रतीत असल्याचे २०१९ मध्ये दिसले. अशा जागी सगळे रीड एकाच प्रतीतून येतात, त्यामुळे प्रोग्रॅम ‘दोन्ही प्रती सारख्या’ असा शिक्का मारतो. खरे तर दुसरी प्रतच नाही. ओळखण्याची खूण म्हणजे खोली : बाकी जीनोमवर ३० असताना त्या जनुकावर १५ च्या आसपास आणि सलग. कलमाने वाढवलेल्या पिकांत अशी जागा पिढ्यान्‌पिढ्या टिकते, कारण कलमात प्रती पुन्हा मिसळत नाहीत. बियांपासून रोपे केली की मग काहींत जनुक असते, काहींत नसते, आणि ‘सारख्या’ म्हणून नोंदलेल्या आईपासून अशी संतती कशी निघाली, याचे कोडे पडते.

६. मग पॅन-जीनोम म्हणजे काय? तो यातले काय सोडवतो?

जुन्या पोथ्यांचे संपादन करणारे एकाच प्रतीवर विसंबत नाहीत. मिळतील तेवढ्या प्रती समोर ठेवून ते पाठभेद नोंदतात, एखाद्या प्रतीत जास्तीच्या ओव्या असतील तर त्याही ठेवतात. पॅन-जीनोम हे काम डीएनएचे करतो. हा शब्द जीवाणूंच्या अभ्यासातून रुळला : २००५ मध्ये एका स्ट्रेप्टोकॉकसच्या ८ वाणांची तुलना झाली आणि प्रत्येक नव्या वाणाबरोबर नवी जनुके येतच राहतील, असा अंदाज निघाला. सर्वांत असलेली जनुके हा गाभा, आणि काहींतच असलेली जनुके हा बदलता भाग.

वनस्पतींत आता हे बहुधा ग्राफच्या रूपात ठेवतात. सर्व जातींत सारखा असलेला मजकूर एकदाच लिहिला जातो. जेथे भेद आहे तेथे वाट फुटते आणि पुढे पुन्हा एकत्र येते. Gret1 असलेली एक वाट, नसलेली दुसरी. प्रत्येक जात म्हणजे या जाळ्यातला एक मार्ग. `vg` सारखे प्रोग्रॅम रीडला या जाळ्यावर बसवतात. Gret1 च्या कडेचा रीड आता त्याच्या स्वतःच्या वाटेवर १५० पैकी १५० गुणांनी बसतो, फट पाडावी लागत नाही. Run1 चा रीडही चुलत जनुकावर न जाता स्वतःच्या घरी जातो, अर्थात मस्कॅडाइनचा जीनोम जाळ्यात घातलेला असेल तरच. उत्तर अमेरिकेतल्या ९ रानटी द्राक्ष प्रजातींचा असा एकत्रित पॅन-जीनोम २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. नाशिकला त्याचे विशेष मोल आहे, कारण आपले खुंट त्याच खंडातल्या प्रजातींतून आले आहेत.

७. त्यापेक्षा लांब रीड वापरले, किंवा एकही फट नसलेला नवा संदर्भ घेतला, तर चालणार नाही का?

दोन्हींचा उपयोग आहे, पण ते वेगळे प्रश्न सोडवतात. १५,००० अक्षरांचा अचूक रीड Gret1 आरपार वाचतो, त्यामुळे भर आहे की नाही हे लगेच कळते. फट नसलेला नवा संदर्भ जुन्या प्रतीतली न वाचलेली ठिकाणे भरतो. PN40024 ची अशी प्रत २०२३ मध्ये आली आणि पुढच्या वर्षी थॉमसन सीडलेसचीही आली. तथापि, एकच वेल कितीही नीट वाचली तरी तिच्यात जे नाही ते तिच्यात येत नाही. थॉमसनच्या पूर्ण जीनोममध्येही Run1 नसणारच. नुसत्या थॉमसनच्या उपजातींचा अभ्यास असेल तर मात्र प्रश्न १० पाहावा.

८. आमच्याकडे संदर्भावर बसवलेल्या रीडची BAM फाइल आधीच तयार आहे. तिच्यात बायस आहे का, हे कसे ओळखावे?

पहिल्यांदा किती रीड बसले ते पाहावे, आणि न बसलेले वेगळे काढावेत :

```
samtools flagstat draksha.bam
samtools view -b -f 4 draksha.bam > na_baslele.bam
```

एकूण टक्केवारी चांगली आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. Run1 चा तुकडा जीनोमचा अगदी छोटा भाग आहे, तो ९८ टक्क्यांच्या आत सहज लपतो. त्यानंतर दोन प्रतींत फरक असलेल्या जागा घ्याव्यात आणि प्रत्येक जागी संदर्भेतर अक्षराचे प्रमाण काढावे. एक-एक जागा थोडी इकडेतिकडे असणारच, पण हजारो जागांची सरासरी निम्म्यावर यायला हवी. ती सातत्याने निम्म्याखाली राहिली, आणि भर व कपातीच्या जागी आणखी खाली गेली, तर तो बायस आहे. प्रश्न ३ मधली चिन्हे, म्हणजे खोलीचा ढीग आणि कापलेल्या रीडची झालर, रोगप्रतिकाराच्या जनुकांवर प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावीत. त्याला यादी हा पर्याय नाही.

९. ओळखीच्या जनुकासाठी पीसीआर मार्कर आहेत. मग एवढा खटाटोप कशाला?

Run1 आहे की नाही एवढेच पाहायचे असेल, तर मार्कर स्वस्त आहे आणि तोच वापरावा. अडचण तेव्हा येते, जेव्हा नवीन मार्करचे प्रायमर, म्हणजे डीएनएला चिकटून त्याची प्रत वाढवायला सुरुवात करणारे छोटे तुकडे, संदर्भावरून रचले जातात. प्रायमर जेथे चिकटायचा, तेथेच तुमच्या जातीत बदल असेल तर ती प्रत वाढतच नाही, जेलवर दुसऱ्या प्रतीचा एकच पट्टा दिसतो आणि ‘दोन्ही प्रती सारख्या’ असे लिहिले जाते. म्हणजे तोच बायस प्रयोगशाळेत शिरतो. आई, बाप आणि दहा-वीस रोपे एकत्र तपासली की आईबापांत न दिसणारे गणित संततीत उघडे पडते.

१०. सोनाका, माणिक चमन, तास-ए-गणेश हे थॉमसनमधूनच निघाले. पॅन-जीनोमने त्यांच्यातला फरक सापडेल का?

येथे मोठा पॅन-जीनोम सोयीचा नाही. या निवडी कलमाच्या वेलीवर आपोआप झालेल्या बदलांतून आल्या. त्यांच्यात आणि थॉमसनमध्ये फरक फार थोडे असतात. PN40024 शी तुलना केली तर थॉमसनचे स्वतःचे लाखो फरक चारही जातींत सारखेच दिसतात, आणि कामाचे मोजके फरक त्या गर्दीत हरवतात. म्हणून थॉमसनच्या दोन्ही प्रती वेगळ्या जोडलेला जीनोम संदर्भ म्हणून घ्यावा आणि लांब रीडने भर, कपात व उडते घटक शोधावेत. आणखी एक काळजी घ्यावी लागते : असा बदल सालीच्या थरात असून आतल्या थरात नसू शकतो, तेव्हा पानाच्या डीएनएत तो रीडच्या निम्म्याहूनही कमी वाट्याला येतो आणि साधा प्रोग्रॅम त्याला चूक समजून टाकून देतो.

११. मग जगातल्या सगळ्या जाती एकाच जाळ्यात का घालत नाहीत?

वाटा जितक्या जास्त, तितक्या ठिकाणी एक छोटा रीड सारख्याच गुणांनी बसू शकतो, आणि त्याची जागा ठरवणे अवघड होते. क्वचित आढळणारे फरक घातल्याने फायदा थोडा आणि संदिग्धता जास्त वाढते. म्हणून अभ्यासाला जवळचे जीनोम निवडून जाळे करणे, किंवा नमुन्यात दिसणाऱ्या वाटाच ठेवून बाकी छाटणे, असे केले जाते. गुणसूत्राच्या मध्यभागातली सलग पुनरावृत्ती जाळ्यातही नीट लागत नाही. आणि जी जात जाळ्यात नाही, तिच्या वेगळेपणाबाबत पॅन-जीनोमही संदर्भाच्याच बाजूला झुकलेला राहतो.

१२. माणसाच्या जनुकीय चाचणीला हेच लागू होते का?

होते. अनेक वर्षे वापरात असलेल्या मानवी संदर्भाचा सुमारे ७० टक्के भाग एकाच दात्याचा आहे. मे २०२३ मध्ये ४७ व्यक्तींचा पहिला मानवी पॅन-जीनोम प्रसिद्ध झाला, त्यात जुन्या संदर्भात नसलेली सुमारे ११.९ कोटी अक्षरे होती, आणि छोटे फरक ओळखण्यातल्या चुका ३४ टक्क्यांनी कमी झाल्या. मात्र हातातला वैद्यकीय अहवाल कोणत्या संदर्भावर काढला आहे आणि त्याने काय बदलते, हे चाचणी लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे.

१३. आमच्या नमुन्यात न बसलेले रीड खूपच आले. नवीन जनुके सापडली, असे समजावे का?

लगेच नाही. दिंडोरीच्या एका बागायतदार काकांनी मोठ्या आशेने पाठवलेल्या नमुन्यात असेच झाले होते. बाग पाहायला गेलो तेव्हा उलगडा झाला : पाने जमिनीलगतच्या फुटव्यावरची होती, कलमाच्या गाठीच्या खालची. वर थॉमसन, खाली डॉगरिज. डॉगरिज ही उत्तर अमेरिकेतली व्हिटिस चॅम्पिनी; तिचे रीड विनिफेराच्या संदर्भावर कमी बसणारच. म्हणून पान नेहमी कलमाच्या गाठीच्या वरून, शक्यतो घड लागलेल्या काडीवरून घ्यावे.

पानावर भुरी असेल तर बुरशीचा डीएनएही सोबत येतो. न बसलेल्या रीडपैकी काही हजार घेऊन ते बुरशी, जीवाणू आणि इतर व्हिटिस प्रजातींच्या जीनोमशी जुळवून पाहावेत. बुरशीचे रीड बुरशीवर जातात, फुटव्याचे रीड सर्वच गुणसूत्रांवर सारखे विखुरतात. मस्कॅडाइनचा आणलेला तुकडा असेल तर रीड मस्कॅडाइनच्या एका ठरावीक पट्ट्यावर दाटतात, आणि त्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांचे जोडीचे रीड विनिफेराच्या १२ व्या गुणसूत्रावर सापडतात. हे टोकाचे रीड मिळाले की तुकडा तुमच्या वेलीतलाच आहे, असे म्हणता येते.